तहान, थकवा आणि तळपायाची जखम: गावातल्या दुकानदार अण्णांच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या आमच्या दवाखान्यात पायाच्या ड्रेसिंगसाठी येणाऱ्यांत गावाहून आणलेली माणसं बरीच असतात. आणणारा मुलगा, पुतण्या नाहीतर जावई मुंबईत नोकरीला असतो आणि त्याचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. ते सगळे एकाच माणसाच्या आजारपणाला धरून इथे मांडले आहेत. अण्णा हे पात्र रचलेलं आहे, अनेकांचं मिळून एक. त्यांच्यासारखा एखादा काका तुमच्या घरी असेल तर ओळखू येईलच.

अण्णा कोण आणि त्यांना झालं काय?

वय ५४. चिपळूणच्या पुढच्या एका गावात किराणा दुकान. गणपतीच्या आधी माल भरायला दरवर्षी मुंबईला यायचं, लालबागला पुतण्याकडे उतरायचं, मशीद बंदरला सुकं सामान आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला सजावटीचं सामान घ्यायचं, असा शिरस्ता. त्या वर्षी ते दिवसभर बाजारात फिरले. उजव्या चप्पलेचा पट्टा गावात चांभाराकडून ठोकून घेतला होता, त्यातला एक चुका झिजलेल्या तळातून वर आला होता. तो दिवसभर अंगठ्याच्या मुळाशी टोचत राहिला आणि अण्णांना पत्ता नाही.

रात्री पुतण्याच्या बायकोने लादी पुसताना दारापासून मोरीपर्यंत तांबूस ठिपके पाहिले. “अण्णा, पायाला काय लागलंय तुमच्या?” तर अण्णा स्वतःचे दोन्ही पाय उलटे करून बघतायत, कुठल्या पायाला लागलंय तेच त्यांना सांगता येईना. हळद लावली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार. चौथ्या दिवशी पाऊल सुजलं, फडक्याला वास यायला लागला, तेव्हा पुतण्या त्यांना आमच्याकडे घेऊन आला. तोपर्यंत अण्णांनी आयुष्यात एकदाही शुगर तपासली नव्हती.

आधी काहीच लक्षणं नव्हती का?

होती की! दीड वर्ष होती. पण प्रत्येकाला एक चांगलं कारण मिळालेलं होतं.

तहान लागायची, तर कोकणातला उकाडा. गल्ल्याशेजारी माठ होताच. पुढे पाण्याने भागेना म्हणून दुकानातल्याच फ्रिजमधली थंड पेयाची बाटली फोडायची सवय लागली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे, तर एवढं पाणी पितो म्हणून. दुपारी तांदळाच्या पोत्यांना टेकून डोळा लागायचा, तर वय झालं. पँट ढिली व्हायला लागली, पट्ट्याला दाभणाने नवीन भोक पाडलं. त्यावर गिऱ्हाइकं म्हणाली, अण्णा, बारीक झालात, बरं झालं. उधारीच्या वहीतली अक्षरं कधी स्पष्ट, कधी पुसट दिसायची, तर चष्म्याचा नंबर. परसात ते लघवीला बसायचे तिथे मुंग्या लागायच्या. हे बायकोने पाहिलं होतं, पण कोकणात मुंग्या कुठे नसतात?

सुटं सुटं पाहिलं तर यातलं काहीच घाबरण्यासारखं नाही. तहान, रात्रीची लघवी, थकवा आणि कारण नसताना उतरलेलं वजन ही चार एकाच माणसात एकाच काळात दिसली, तर त्याच आठवड्यात रक्त तपासावं. ही जोडणी घरात बहुतेक वेळा होत नाही, कारण तहान बायकोला दिसते, थकवा मुलाला आणि ढिली पँट शिंप्याला.

पाणी जास्त प्यायल्यामुळे लघवी जास्त होते. यात साखर कुठून आली?

अण्णांच्या बाबतीत क्रम उलटा होता. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही. उरलेली लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. म्हणजे आधी शरीरातून पाणी जातं आणि मग घसा कोरडा पडतो. मुंग्या येतात त्या या साखरेसाठीच.

थकव्याचं कारणही हेच. साखर रक्तात भरपूर असते, पण इन्सुलिन कमी पडतं किंवा त्याचा असर होत नाही, म्हणून ती स्नायूंच्या पेशींमध्ये शिरत नाही. मग शरीर चरबी आणि स्नायू जाळायला लागतं आणि वजन उतरतं. अशा अवस्थेत थंड पेयाने तहान भागवली तर काय होतं, ते सांगायला नको. साखर वाढते, लघवी वाढते, पुन्हा तहान, पुन्हा बाटली. शेवटच्या चार महिन्यांत अण्णांची प्रकृती झपाट्याने ढासळली त्यात त्या फ्रिजचा वाटा मोठा होता.

जखम दुखतच नव्हती. मग ती गंभीर कशी?

दुखत नव्हती म्हणूनच. चुका टोचल्यावर तुम्ही-आम्ही दुसऱ्या पावलाला थांबलो असतो. अण्णा त्याच पायावर दिवसभर चालले.

बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात आणि सर्वांत लांब नसा आधी जातात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. फक्त दुखणं जातं असं नाही. घाम आणणाऱ्या नसाही जातात, त्यामुळे कातडी कोरडी होऊन टाचांना भेगा पडतात. पावलातले छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आखडतात आणि चालताना सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडावर येतो. तिथे घट्टा तयार होतो. हा घट्टा म्हणजे नुसती जाड कातडी नव्हे. तो कडक असल्यामुळे खालच्या मऊ भागावर आणखी दाब देतो आणि आतल्या आत जखम सुरू होते. अण्णांच्या पायाला तो घट्टा वर्षभर होता. चुक्याने फक्त तोंड उघडलं.

टाइप २ मधुमेह असा वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आजाराचं निदान होतं त्याच दिवशी पायाच्या नसा खराब झालेल्या सापडणं, हे आम्हाला अजिबात नवीन नाही.

पूर्वी त्यांच्या तळव्यांची रात्री आग व्हायची. ती आपोआप थांबली, मग सुधारणा नव्हती का ती?

हा प्रश्न अण्णांनी स्वतः विचारला होता. काशाच्या वाटीने तूप घासल्यामुळे आग गेली अशी त्यांची खात्री होती. काशाच्या वाटीबद्दल माझी तक्रार नाही. पण आग, मुंग्या, रात्री पांघरुणाचा स्पर्श नकोसा होणं, ही नस खराब होत असल्याची लक्षणं आहेत. साखर ताब्यात नसताना आग आपोआप थांबली, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ नस आता तक्रार करण्याच्याही पलीकडे गेली असा होतो. त्यानंतरचा काळ जास्त धोक्याचा, कारण माणूस निर्धास्त होतो.

दवाखान्यात पहिल्या दिवशी काय काय तपासलं?

बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली: ३८६. सोबत लक्षणं असताना कुठल्याही वेळची साखर २०० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाचं निदान होतं. लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, आहेत का ते पाहिलं, कारण ते असते तर धावपळ वेगळी करावी लागली असती. नव्हते. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, रिपोर्टवर जिला एचबीए१सी लिहितात, ती ११.२ टक्के आली. म्हणजे सरासरी साखर २७५च्या आसपास. मधुमेहाची रेषा ६.५ला आहे. (अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत पाहतात.)

मग पाय. नायलॉनचा एक तंतू असतो, गळाच्या दोरीसारखा, १० ग्रॅम दाबाला वाकणारा. अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला. “कळलं की ‘हो’ म्हणा.” अंगठा, करंगळीचं मूळ, अंगठ्याचं मूळ, सगळीकडे लावून झाला. अण्णा शांतपणे डोळे मिटून बसलेले. शेवटी म्हणाले, “डॉक्टर, सुरू करा ना.” पुतण्याचा चेहरा तेव्हा उतरला, ३८६ ऐकून उतरला नव्हता.

पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते बघितलं. दोन्ही पायांत लागली. रक्तपुरवठा नसेल तर कितीही चांगलं ड्रेसिंग करा, जखम भरत नाही. आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. अण्णांचं नशीब तेवढं बरं होतं.

मग घट्टा आणि मेलेली कातडी कापून काढली. वरून शेंगदाण्याएवढं दिसणारं भोक खाली २ सेंटिमीटर लांब आणि दीड रुंद निघालं. भूल द्यावी लागली नाही, यावरूनच काय ते समजा. धातूची बोथट सळई आत घालून हाड लागतं का ते पाहिलं. कडक, खरखरीत काही लागलं तर हाडापर्यंत जंतू पोहोचल्याची शंका घेतात. इथे लागलं नाही. एक्स-रे काढला तो तीन गोष्टींसाठी: आत चुक्याचा तुकडा राहिलाय का, मांसात हवा दिसते का आणि हाड कसं आहे. हाडातला बिघाड एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिला एक्स-रे साफ आला म्हणून फाइल बंद करायची नसते.

जखमेच्या कडेपासून लाली ३ सेंटिमीटर पसरली होती. २च्या पुढे गेली की आम्ही संसर्ग मध्यम धरतो. ताप नव्हता, नाडी ठीक होती. तरी साखर एवढी आणि घरी पाहणारं माणूस दिवसभर कामावर, म्हणून तीन दिवस भरती करून घेतलं.

इन्सुलिन दिलं. म्हणजे आता जन्मभर सुया?

नाही. जंतुसंसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेत संसर्ग आटोक्यात यायला वेळ लागतो. ही कोंडी लवकर फोडायला इन्सुलिनसारखं दुसरं औषध नाही. अण्णांचं इन्सुलिन दोन महिन्यांनी बंद होऊन गोळ्यांवर आलं. सगळ्यांचं तसं होईलच असं सांगत नाही, पण “एकदा घेतलं की सुटत नाही” म्हणून सुरुवातीलाच नकार देणाऱ्यांची जखम लांबते, हे मात्र पाहतोच.

हळद, राख, आयोडीन, गरम पाणी: घरी काय चालतं?

जखम स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवायची, स्वच्छ कोरडी जाळी ठेवून सैल बांधायची आणि चोवीस तासांत दाखवायची. बस.

हळदीने जखमेचा तळ पिवळा पडतो आणि आम्हाला पू कुठला नि हळद कुठली कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण नव्याने भरणारं मांसही त्यात मरतं. गरम पाण्यात पाय बुडवणं सर्वांत वाईट, कारण बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि एका जखमेच्या जागी भाजल्याच्या चार होतात. मेडिकलमधली कुरूपावरची पट्टीही नको. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीसुद्धा खातं. घट्टा घरी ब्लेडने तर मुळीच कापू नका.

रोज ड्रेसिंग करतोय, महागडं मलम लावतोय. तरी जखम भरत का नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आमचा उलट प्रश्न: पेशंट दवाखान्यात कसा आला? चालत. उत्तर तिथेच आहे.

तळव्याच्या जखमेवर प्रत्येक पावलाला अंगाचा भार येतो. रात्रभर जे नवीन मांस धरतं, ते सकाळी मोरीपर्यंत जाऊन येण्यात चेचलं जातं. दुखत असतं तर माणूस आपोआप लंगडला असता, पाय वाचवला असता. ही लंगडण्याची सोयच अण्णांच्या पायातून गेली होती. म्हणून ती बाहेरून करून द्यावी लागते. मलम दुय्यम आहे. मी तर म्हणेन, साधी सलाईनची जाळी आणि शून्य भार हे महागड्या मलमापेक्षा आणि रोजच्या चालण्यापेक्षा केव्हाही सरस.

हे शहाणपण मधुमेहातून आलेलं नाही, कुष्ठरोगातून आलं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. कुष्ठरोगात बोटं झडतात असं तेव्हा सगळे धरून चालायचे. ब्रँड यांनी दाखवलं की ती झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे न कळता होणाऱ्या इजांनी आणि जंतुसंसर्गाने ती हळूहळू जातात. बधिर पायाच्या जखमेला प्लास्टर घालून भार वाटून दिला की ती भरते, हाही अनुभव कुष्ठरोगाच्या कामातलाच. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी तोच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा कुष्ठरोगाचं नाव काढल्यामुळे ते थोडे दुखावले. आता सांगताना आधी “तुम्हाला तो नाही” असं म्हणून घेतो.

मग भार काढायचा कसा? माणूस चालणार नाही का?

संसर्ग ओसरला आणि रक्तपुरवठा चांगला असल्याची खात्री झाली, की गुडघ्याखालपर्यंत पायाला बरोबर बसणारं प्लास्टर घालतात. त्यात भार सगळ्या तळव्यावर आणि काही प्रमाणात पोटरीवर वाटला जातो, अंगठ्याच्या मुळाशी दाब खूप कमी होतो. वाढलेला संसर्ग असताना किंवा रक्तपुरवठा कमी असताना ते घालत नाहीत.

काढता येणारे बूटही मिळतात आणि सगळे पेशंट तेच मागतात. अडचण अशी की काढता येतो तो काढला जातोच. घरात चार पावलं तर आहेत, म्हणून बूट दाराशी राहतो, आणि दिवसातली निम्मी पावलं घरातलीच असतात. अण्णांना न काढता येणारंच घातलं. ते चिडले. चिडू दिलं.

प्लास्टर बंद असताना आत काय चाललंय ते कसं कळतं?

दर आठवड्याला कापून, जखम मोजून, नवीन घालतो. पहिलं तर तीन-चार दिवसांतच बदलतो, कारण सूज उतरून ते सैल होतं आणि सैल प्लास्टर घासतं. मधल्या काळात वास आला, बाहेर डाग दिसला, ताप आला किंवा साखर अचानक चढली, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहायची नाही.

मोजण्याला महत्त्व आहे. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं. नाही आलं तर काहीतरी चुकतंय असं धरून रक्तपुरवठा, हाड आणि भार तिन्ही पुन्हा तपासायचं. अण्णांची जखम २ बाय दीडवरून चौथ्या आठवड्याला १.२ बाय १वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. सातव्या आठवड्यात बंद झाली.

चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. हे सगळं जमणार कसं?

लालबाग-परळमध्ये हा खरा प्रश्न आहे आणि पुस्तकात त्याचं उत्तर नसतं. उकिडवं बसलं की भार पावलाच्या पुढच्या भागावर येतो, नेमका अण्णांच्या जखमेवर. पुतण्याने मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची आणली, ती संडासात ठेवली. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं, कारण सामायिक संडासात खुर्ची ठेवली की भांडण ठरलेलं. रात्रीसाठी खाटेजवळ युरिनल. जिन्याने फक्त दवाखान्यापुरतं उतरायचं, तेही दोन्ही पाय एका पायरीवर आणत.

दुकान? ते मुलाने सांभाळलं. गणपतीचा सीझन गेला तो गेला. अण्णांना जखमेपेक्षा त्याचं दुःख जास्त होतं आणि मला ते समजतं. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या पंधरा दिवसांत येतो. म्हणूनच उपचार सुरू करताना घरच्यांशी पैशाचं बोलणं स्पष्ट करून घ्यावं. ते न करता माणसाला “आराम करा” म्हटलं की तो पाचव्या दिवशी काउंटरवर उभा असतो.

पाय कापावा लागेल का?

अण्णांचा नाही लागला. रक्तपुरवठा शाबूत, हाडात संसर्ग नाही आणि जखम चौथ्या दिवशी दाखवलेली, म्हणून. हाड सडलं असेल तर कधी बोट काढावं लागतं, आणि वेळेवर काढलेलं एक बोट बाकीचं पाऊल वाचवतं. ते टाळण्यात घालवलेले आठवडे कधी गुडघ्यापर्यंत नेतात. रक्तपुरवठा बंद असेल, तर कापण्याचं ठरण्याआधी रक्तवाहिनी उघडता येईल का, हे विचारून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचाराच.

कुठल्या वेळी सकाळची वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलात जायचं?

जखमेसोबत थंडी वाजून ताप आला, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय, उलट्या होतायत; लाली काही तासांत वर सरकतेय; बोट काळं-निळं पडलंय; दाबल्यावर कातडीखाली चुरचुरतंय. यातलं एकही असेल तर रात्री दोनलासुद्धा.

जखम नसताना एक पाऊल लाल, सुजलेलं आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, विशेष दुखत नसेल, तर तेही दुसऱ्याच दिवशी दाखवा आणि तोपर्यंत त्यावर चालू नका. बधिर पावलातली हाडं आतून मोडत असतील तर असंच दिसतं. याला मुरगळ समजून लेप लावत बसलेले पेशंट पावलाचा आकारच घालवून येतात.

जखम भरली. आता सुटलो ना?

भरलेल्या दहा पेशंटांपैकी साधारण चौघांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. नस परत आलेली नसते, हाडाचा भार तिथेच असतो.

म्हणून चप्पल बदलायची. वरून मऊ एमसीआर रबर, खाली न वाकणारा, चुका आरपार जाणार नाही असा कडक तळ आणि मागे पट्टा, म्हणजे बोटांनी धरून चालावं लागत नाही. खिळे कुठेच नकोत, शिवलेली किंवा चिकटवलेली. संध्याकाळी मापायला जावं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवायचा. खडा, चुका, मुंबईत तर पावसाळ्यात काहीही निघतं. रात्री तळवा आरशात पाहायचा किंवा घरच्यांना दाखवायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. भेगांना खोबरेल चालेल, बेचक्यांत नको. घट्टा दर महिना-दीड महिन्याने आमच्याकडे तासून घ्यायचा.

सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाण्याचा नवस आहे. मोजे घालून चालेल?

तंतू ज्याला कळत नाही त्याने अनवाणी चालू नये, मोजे घालूनही नाही. सोमवारी रात्री चालत निघणाऱ्यांत आमचे पेशंट असतात हे मला माहीत आहे. चप्पल घालून दाराशी जा, आत तेवढी पावलं मोज्यात चाला, घरी आल्यावर तळवा बघा. उन्हातल्या देवळाच्या फरशीवर मात्र मोजाही पुरत नाही. तिथे फोड येतात आणि ते घरी पोहोचल्यावर दिसतात.

डोळे, किडनी यांचा इथे काय संबंध? आम्ही पायासाठी आलोय.

ज्या साखरेने नसा नेल्या तीच साखर तितकीच वर्षं डोळ्यांच्या पडद्यातून आणि मूत्रपिंडातून फिरत होती. म्हणून निदान होताच बाहुली मोठी करून पडदा पाहतात आणि लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. अण्णांच्या पडद्यावर सुरुवातीचे डाग मिळाले, लघवीत थोडं अल्ब्युमिन. दोन्हीला तेव्हा वेदना नव्हती, आणि त्या टप्प्यावर उपचारांना बराच वाव असतो.

घरातल्या बाकीच्यांनी तपासून घ्यावं का?

अण्णांचा मुलगा ३४चा, दोघे भाऊ पन्नाशीचे. तिघांनीही घ्यायला हवं, तहान लागत नसली तरी. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासणं सरकारी कार्यक्रमातच आहे. गावात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, आशाताईंना विचारलं तरी दिवस सांगतील. मुंबईत महापालिकेचा दवाखाना किंवा आपला दवाखाना गाठा. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करतात. १०० ते १२५च्या मध्ये आली तर तो मधुमेह नाही, पण वर्षाने पुन्हा यायचं. मुलाची ११४ आली. भाऊ अजून “बघू” म्हणतायत. त्यातल्या धाकट्याच्या टाचांना भेगा आहेत, म्हणून पुढच्या खेपेला त्याला सोबत आणायला पुतण्याला सांगितलं आहे.